पहिल्या नाचाचं गाणं निवडताना: आधी शब्द वाचा

हॉल, डीजे, धूर सोडणारं मशीन हे सगळं तुमचं ठरलंच असेल, त्यात मी पडत नाही. मी फक्त गाण्याबद्दल लिहितेय, कारण आमच्या रिसेप्शनला मी तिथेच माती खाल्ली.

पहिलं काम, गाण्याचे शब्द वाचा. ऐकू नका, वाचा. कागदावर उतरवून, शेवटच्या ओळीपर्यंत. आम्ही 'लग जा गले' घेतलं होतं. चाल संथ, आवाज लतादीदींचा, आणि सुरुवातीचे तीन शब्द तर नवराबायकोसाठीच लिहिल्यासारखे. त्या तीन शब्दांवरच आम्ही गाणं पक्कं केलं. नाच संपल्यावर आत्या जवळ आली आणि हळूच म्हणाली, "काय गं, आजच निरोप घेताय होय एकमेकांचा?" १९६४ सालच्या 'वो कौन थी' मधलं हे गाणं तिला तोंडपाठ. पुढच्याच ओळीत, ही रात्र पुन्हा येईल न येईल, या जन्मात भेट होईल न होईल, असं आहे. दुसरी ओळ! अंतऱ्यापर्यंतसुद्धा जायची गरज नव्हती. व्हिडिओत आत्याचा चेहरा स्पष्ट दिसतो, म्हणून तो आम्ही कुणाला दाखवत नाही.

इंग्रजी गाणं घेणार असाल तर दुप्पट सावध राहा, कारण तिथे आपण ध्रुवपदापलीकडे ऐकतच नाही. 'आय विल ऑलवेज लव्ह यू' घ्या. व्हिटनी ह्यूस्टनच्या आवाजात ते १९९२ मध्ये जगभर गाजलं, पण मूळ गाणं डॉली पार्टनचं. ज्याच्या कार्यक्रमात ती गायची तो सोडताना तिने त्या सहकाऱ्यासाठी ते लिहिलं. म्हणजे नाव प्रेमाचं आणि आत सगळा निरोप. वाचताना प्रत्येक कडव्यापाशी एवढंच विचारा की ही माणसं जवळ येताहेत की लांब जाताहेत. 'शायद', 'आखरी', 'याद', 'गुडबाय' असा शब्द दिसला की थांबा आणि ती ओळ पुन्हा वाचा. मग घरातल्या साठीपुढच्या एखाद्या माणसाला नुसतं नाव सांगा. गाण्याचा प्रसंग त्यांना गुगलच्या आधी आठवतो.

आता गती. घड्याळ लावून पंधरा सेकंदांत टाळ्या मोजा आणि चारने गुणा. साठ ते ऐंशीच्या मध्ये आलं तर शालू नेसून, सराव नसतानाही पावलं टाकता येतात. नव्वदच्या वर गेलं की नवरी निऱ्या धरून पळतेय असं दिसतं. पन्नासच्या खाली दोघं नुसती उभी राहतात, आणि फोटोग्राफर "जरा हला ना" म्हणतो. फोनमधलं ॲप कधीकधी सत्तरच्या गाण्याला एकशेचाळीस दाखवतं. त्याने घाबरू नका, पायाने ठेका धरून बघा, पाय खरं सांगतो. ठेका चारचा की सहाचा तेही बघा. १९६१ चं एल्विसचं 'कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह' सहाच्या झोक्यात आहे. त्यावर डावीकडे-उजवीकडे डुलणं आपोआप जमतं, पण चारच्या ठेक्यावर बसवलेली पावलं त्यावर घातलीत तर तिसऱ्याच ओळीत एकमेकांच्या पायावर पाय.

मावसबहिणीच्या वेळी मी हे सगळं नीट केलं. तिला मराठीच हवं होतं, म्हणून 'जीव रंगला' काढलं. सिनेमातली गोष्ट अवघड आहे, हे खरं. पण शब्द आम्ही दोघींनी कागदावर वाचले, तिच्या आजीलाही वाचून दाखवले, आणि त्यात जीव गुंतणंच आहे. अख्खं गाणं मात्र नाचायला लांब पडतं. म्हणून सुरुवातीचं संगीत छाटलं, मुखडा आणि एक अंतरा ठेवला, शेवटी मुखड्यावर आवाज हळूहळू उतरवला. अडीच मिनिटं. तीनच्या वर गेलात की पाहुणे जेवणाच्या रांगेकडे बघायला लागतात. आणि छाटल्यावर शब्द पुन्हा वाचा, कारण कापताना भलतीच ओळ शेवटची होऊन बसते.

पुढचं पटापट. फाइल स्वतः पेनड्राइव्हवर द्या, नाहीतर डीजे त्याच नावाचं रिमिक्स लावतो. घरी एकदा, लग्नातली चप्पल घालून, पूर्ण नाचून बघा. पदर पिनने पक्का करा. सुरू करायची खूण कोण देणार ते ठरवा. धूर कमी.

आणि शब्द वाचलेत ना? दुसरी ओळसुद्धा?