एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवरून रँकचा अंदाज बांधताना या चुका टाळा

सीईटीचा पेपर झाला की पीसीएम ग्रुपची मुलं पहिल्यांदा शोधतात ती ‘इतक्या मार्कांना इतके पर्सेंटाइल’ अशी तयार यादी. पहिली चूक इथेच होते. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि पर्सेंटाइल फक्त तुमच्या सत्रातल्या मुलांशी तुलना करून निघतो: तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणारे किती, भागिले सत्रातले एकूण परीक्षार्थी, गुणिले 100.

समजा, दोन सत्रांत प्रत्येकी 20,000 मुलं बसली. सोप्या सत्रात 130 किंवा त्याहून कमी गुणांची 19,000 मुलं असतील, तर 130 ला 95 पर्सेंटाइल. अवघड सत्रात तशी 19,400 असतील, तर त्याच 130 ला 97. म्हणून यादी वापरायचीच असेल तर एक आकडा धरू नका, वरचा-खालचा पल्ला धरा. विषयांच्या तीन पर्सेंटाइलची सरासरीही काढू नका. एकूण पर्सेंटाइल 200 पैकी मिळालेल्या एकूण गुणांवर स्वतंत्रपणे निघतो आणि सरासरीशी बहुधा जुळत नाही.

निकाल हातात आल्यावरची चूक जास्त महागात पडते. ‘मागच्या वर्षी हे कॉलेज 97 ला बंद झालं, मला 97.2 आहेत, म्हणजे मिळालंच.’ पण जागा पर्सेंटाइलने वाढत नाहीत, मुलं मात्र वाढतात. मागच्या वर्षी 3,00,000 परीक्षार्थी होते असं धरा. 97 च्या पुढे साधारण 9,000 मुलं होती. यंदा परीक्षार्थी 3,60,000 झाले, तर 97 च्या पुढे 10,800 असतील. जागा तेवढ्याच राहिल्या, तर तुमची तुलना 97 शी नाही, 97.5 शी आहे, कारण 3,60,000 च्या अडीच टक्के म्हणजे 9,000. 97.2 वाल्याच्या पुढे मात्र 10,080 जण आहेत.

हा हिशेब सगळ्या परीक्षार्थींचा झाला. कॅपच्या गुणवत्ता यादीत फक्त नोंदणी केलेली मुलं असतात, त्यामुळे तुमचा मेरिट नंबर या आकड्यापेक्षा लहान येऊ शकतो. तो पाहून हुरळू नका. कटऑफच्या तक्त्यात पर्सेंटाइलसोबत मेरिट नंबरही छापलेला असतो. यंदाची तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की आपला नंबर त्या नंबराशी ताडून पाहा. यादी लागेपर्यंत वरचा हिशेब पुरतो, नंतर मेरिट नंबरच पाहावा.

तक्ता वाचताना कोडकडे नीट बघा. `GOPENH` हा खुल्या प्रवर्गाचा, पण होम युनिव्हर्सिटीच्या मुलांसाठीचा कटऑफ आहे. तुमचं विद्यापीठ वेगळं असेल तर तुमचा रकाना `GOPENO`. कोडच्या सुरुवातीचा `L` मुलींच्या जागांचा, शेवटचा `S` राज्यस्तरीय जागांचा. फेरीही तीच घ्या. शेवटच्या फेरीचा कटऑफ पाहून पहिल्या फेरीत प्रवेशाची अपेक्षा धरली, तर पसंतीक्रम भरताना सुरक्षित पर्याय कमी पडतात.