मागच्या काचेचा डिफॉगर, तापणारे आरसे आणि त्यांचे टायमर : ठाण्याच्या पावसात कसे वापरावेत

जुलैच्या संध्याकाळी घोडबंदर रोडवर बाहेर २६ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेतले बाष्प सुमारे २४ अंशांना दवाच्या रूपात बसू लागते. गाडीतला एसी २० अंशांवर असेल आणि मागची काच थंड होत होत २४ च्या खाली उतरली, तर धुके काचेच्या बाहेरच्या बाजूला धरते. एसी बंद असेल आणि आत ओल्या कपड्यांनी चार माणसे बसलेली असतील, तर तेच धुके आतून धरते. पुढच्या काचेवर वायपर असतो, पण बहुतेक सेडान गाड्यांच्या मागच्या काचेवर तो नसतो. म्हणून डिफॉगर लावण्यापूर्वी मागच्या काचेच्या आतल्या बाजूवरून एक बोट फिरवून पाहावे. बोटाची रेघ उमटली तर धुके आतले आहे, आणि तेव्हा डिफॉगरबरोबर एसीचा कॉम्प्रेसरही चालू ठेवावा, कारण आतली हवा कोरडी करण्याचे काम तोच करतो. रेघ उमटली नाही तर धुके बाहेरचे आहे, आणि तेव्हा एसीचे तापमान २४-२५ अंशांपर्यंत वाढवल्याने डिफॉगरचे निम्मे काम हलके होते.

गाडीत दोन बटणे दिसायला सारखी असतात. मागच्या डिफॉगरच्या बटणावर चौकोन आणि त्यातून वर जाणारे तीन नागमोडी बाण असतात, तर पुढच्या काचेच्या बटणावर वक्र कडांचा पंख्यासारखा आकार असतो. तापणारे आरसे असलेल्या बहुतेक गाड्यांत ते मागच्या डिफॉगरच्याच बटणावर चालतात, त्यांना वेगळे बटण नसते. आरशाच्या मागे चिकटवलेली पातळ तापपट्टी काचेवरचे धुके व बारीक थेंब वाळवते. मात्र धो-धो पावसात पाणी सतत येत असल्यामुळे आरसा पूर्ण कोरडा होत नाही, आणि तो गाडीचा दोष नव्हे.

टायमर का असतो, हे समजले की तो कसा वापरावा हेही समजते. मागच्या काचेवरच्या तांबूस रेघांतून साधारण १५ अँपिअर वीज जाते. इंजिन चालू असताना १४ व्होल्ट धरले, तर हे सुमारे २१० वॉट होतात. गायमुखच्या चढावर गाडी तासभर रांगत असताना इंजिन मंद गतीने फिरत असते, त्यामुळे अल्टरनेटर आपल्या क्षमतेपेक्षा बरीच कमी वीज देतो, आणि त्याच वेळी हेडलाइट, वायपर, ब्लोअर आणि रेडिएटरचा पंखा असे सगळेच त्याच्याकडे मागणी करत असतात. उरलेला भार बॅटरीवर पडतो. म्हणून बहुतेक गाड्यांत डिफॉगर १० ते २० मिनिटांनी आपोआप बंद होतो. काही गाड्यांत दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर तो पहिल्यापेक्षा कमी वेळ चालतो, काहींत वेग वाढल्यावर किंवा बाहेरचे तापमान फार कमी असल्यावर ही वेळ लांबते, तर काही नव्या गाड्यांत व्होल्टेज घसरले की टायमर पूर्ण होण्याआधीच तो तोडला जातो. त्यामुळे तो लवकर बंद झाला म्हणून लगेच गॅरेज गाठण्याची गरज नाही.

आपल्या गाडीत नेमके काय होते ते पाहण्यासाठी एक संध्याकाळ पुरते. गाडी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी करावी, तळघरात नको, कारण चालू इंजिनचा धूर तिथे साचतो. इंजिन सुरू करावे (नुसत्या इग्निशनवर अनेक गाड्या डिफॉगर चालवत नाहीत), बटण दाबावे आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावावे. दोन-तीन मिनिटांनी बाहेरून मागच्या काचेवर आणि आरशावर तळहात ठेवून ऊब जाणवते का ते पाहावे. बटणावरचा दिवा कोणत्या मिनिटाला विझतो ते नोंदवून पुन्हा बटण दाबावे आणि दुसरी वेळही मोजावी.

यानंतर क्लायमेट कंट्रोलशी असलेली जोडणी तपासावी. मागचा डिफॉगर बंद ठेवून पुढच्या काचेचे बटण दाबावे. अनेक गाड्यांत त्यामुळे कॉम्प्रेसर आपोआप चालू होतो आणि आत बाहेरची हवा घेतली जाते, तर काही गाड्यांत मागच्या डिफॉगरच्या बटणावरचा दिवाही लागतो. तो लागला तर पुढचे बटण परत बंद करून पाहावे, कारण काही गाड्यांत मागचा डिफॉगर आपला टायमर संपेपर्यंत तसाच चालू राहतो. स्क्रीन असलेल्या काही गाड्यांत हवामानाच्या सेटिंगमध्ये मागच्या काचेचा आपोआप चालणारा डिफॉगर असा पर्याय असतो, तो तिथून चालू-बंद करता येतो. असा पर्याय नसलेल्या गाडीत, ही जोडणी मुळात आहे की नाही हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे.

इथे एक गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते : ठाण्यात आणि नवी मुंबईत या स्वयंचलित सोयीवर भिस्त ठेवू नये. इंजिन सुरू होताच डिफॉगर लावणाऱ्या गाड्या हा निर्णय मुख्यतः बाहेरच्या थंडीवरून घेतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यातले तापमान त्या मर्यादेच्या जवळही जात नाही. काही महागड्या गाड्यांत आतल्या आरशाजवळ, पुढच्या काचेला चिकटलेला आर्द्रतेचा सेन्सर असतो. तो पुढच्या काचेचे तापमान आणि आतली आर्द्रता मोजतो, म्हणजे पुढच्या काचेवर आतून धुके धरण्याची शक्यता त्याला कळते. मागच्या काचेवर बाहेरून बसलेले दव त्याला दिसतच नाही. म्हणून पाम बीच रोडवर सिग्नल सुटण्याची वाट पाहत असताना मागचे धूसर दिसू लागले, तर बटण हातानेच दाबावे आणि काच स्वच्छ होताच, टायमरची वाट न पाहता, ते बंद करावे.

वायपर डी-आयसर म्हणजे पुढच्या काचेच्या तळाशी, वायपर विसावतात तिथे, बसवलेल्या तापरेघा. बर्फात गोठलेले वायपर सोडवण्यासाठी त्या असतात आणि भारतात विकल्या जाणाऱ्या फार थोड्या गाड्यांत आढळतात. पुष्कळदा त्यांचा टायमर मागच्या डिफॉगरशीच जोडलेला असतो. कोकणपट्टीतल्या पावसात त्यांचा काहीच उपयोग नाही, पण हिवाळ्यात मनालीला गाडी नेणाऱ्याने त्या आपल्या गाडीत आहेत का, हे निघण्यापूर्वी पाहून ठेवावे.

डिफॉगर लावल्यावर एकाच आडव्या पट्ट्यात धुके तसेच राहिले, तर त्या ठिकाणची रेघ तुटलेली आहे. बहुतेकदा ही रेघ फिल्म ओरबाडून काढताना किंवा मागच्या फळीवर ठेवलेले सामान घासल्याने तुटते. काच आतून नेहमी रेघांच्या दिशेने, मऊ कापडाने पुसावी. तुटलेली जागा मल्टिमीटरने सापडते : डिफॉगर चालू असताना रेघेच्या मधोमध साधारण अर्धे व्होल्टेज मिळायला हवे. तिथे पूर्ण व्होल्टेज मिळाले किंवा शून्य मिळाले, तर रेघ तुटली असे समजावे, आणि जिथे आकडा एकदम उडी घेतो तीच ती जागा. वीजवाहक चांदीच्या रंगाने ती सांधता येते. संपूर्ण काचच तापत नसेल आणि आरसे मात्र ऊबदार होत असतील, तर गाडीतल्या मुख्य फ्यूजवर वेळ घालवण्याआधी डिकीच्या दारापाशी जावे. हॅचबॅकमध्ये दार वर्षानुवर्षे उघडझाप होऊन बिजागरीजवळच्या रबरी नळीतली वायर आतल्या आत तुटते, आणि नळी सरकवून पाहिल्यावर ती तुटलेली दिसते. उलट काच तापते पण आरसे थंडच राहतात, असे असेल तर अनेक गाड्यांत आरशांना स्वतंत्र फ्यूज असतो, तो आधी तपासावा.