आईच्या हातात शुगरचं ॲप देण्याआधीची तयारी

अ‍ॅप निवडण्याआधी घरातला ग्लुकोमीटर हातात घ्या आणि त्यात ब्लूटूथ आहे का ते बघा. वयस्कर माणसाच्या नोंदींमधल्या बऱ्याच चुका आकडा टाइप करताना होतात. 162 चे 126 होतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. मीटरमधला आकडा आपोआप फोनमध्ये उतरला की हा प्रश्नच उरत नाही. त्यामुळे आधी मीटर, मग त्याच्याशी जुळणारं अ‍ॅप. अ‍ॅक्यू-चेकच्या ब्लूटूथवाल्या मीटरला mySugr चालतं, वनटचच्या तशाच मीटरला OneTouch Reveal. मीटर साधा असेल, तर मोठ्या अक्षरांचं आणि एकाच पानावर आकडा भरता येईल असं कुठलंही अ‍ॅप चालेल. मात्र मग संध्याकाळी कुणीतरी मीटरची मेमरी उघडून दिवसभराचे आकडे ताडून बघायचे.

जोडणी करण्याआधी मीटरचं घड्याळ तपासा. तारीख, वेळ आणि सकाळ-संध्याकाळ, तिन्ही. हे मी कळकळीनं सांगते, कारण आईच्या बाबतीत आम्ही इथेच फसलो. मीटरची बॅटरी बदलली तेव्हा वेळ पुन्हा लावताना AM ऐवजी PM राहून गेलं. तीन आठवड्यांनी डॉक्टरांसाठी अहवाल काढला, तर सकाळी सातला उपाशीपोटी आलेले 140-150 चे आकडे संध्याकाळी सातच्या, म्हणजे रात्रीच्या जेवणाआधीच्या रकान्यात बसलेले. शंका आली ती एका ओळीमुळे: रात्री दोन वाजता 192. त्या वेळी आई गाढ झोपेत असते. तो आकडा दुपारी दोनचा, जेवणानंतरचा होता. तो अहवाल तसाच गेला असता, तर सकाळची शुगर ठीक आणि संध्याकाळची वाढलेली, असा अर्थ निघाला असता आणि औषधाची वेळ त्यावरून ठरली असती. आता घड्याळ दुरुस्त केलं तरी जुने आकडे आपोआप सुधारत नाहीत, आणि मीटरमधून आलेली नोंद प्रत्येक अ‍ॅपमध्ये बदलताही येत नाही. आम्ही त्या तीन आठवड्यांवर ‘बारा तासांचा फरक’ अशी टीप लिहून अहवाल दिला.

एककही लगेच बघून घ्या. मीटरवर आणि अ‍ॅपमध्ये दोन्हीकडे mg/dL किंवा दोन्हीकडे mmol/L असायला हवं. 1 mmol/L म्हणजे साधारण 18 mg/dL, म्हणून 7 हा आकडा एका मापात सर्वसाधारण आणि दुसऱ्यात अशक्य ठरतो.

जोडणी अ‍ॅपच्या आतूनच करा, फोनच्या सेटिंगमधून नको. झाल्यावर तुमच्यासमोर एक चाचणी करायला लावा आणि आकडा फोनवर दिसेपर्यंत थांबा. एकदा जोडणी झाली की हाताने आकडा भरायचा नाही हेही सांगून ठेवा, नाहीतर एकच चाचणी दोनदा नोंदली जाते.

कुठला आकडा कुठल्या रंगात दाखवायचा, याच्या मर्यादा अ‍ॅपने आधीच भरून ठेवलेल्या असतात. त्या तशाच ठेवू नका, डॉक्टरांना विचारून बदला. वयस्कर माणसाला, विशेषतः इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर, बऱ्याचदा थोडी सैल मर्यादा दिली जाते. ती नोंदवली नाही, तर चांगला आकडाही लाल दिसतो आणि आई घाबरून जेवण कमी करते. खालची रेघ मात्र 70 mg/dL ला ठळक राहू द्या. त्याखाली आकडा आला तर काय खायचं-प्यायचं आणि कुणाला फोन करायचा, हे अ‍ॅपमध्ये नको, मीटरच्या डबीवर कागदावर लिहून चिकटवा.

जेवणाच्या नोंदीसाठी पदार्थ शोधून ग्रॅम भरायला लावू नका, चार दिवसांत ते बंद पडतं. पहिला घास घेण्याआधी ताटाचा एक फोटो, एवढंच पुरे. फोटो वरून काढायचा, ताट पूर्ण दिसलं पाहिजे. दुसऱ्यांदा वाढून घेतलं तर दुसरा फोटो. फोटोची वेळ पहिल्या घासाशी जुळते, म्हणून त्यावरून दोन तास मोजून जेवणानंतरची चाचणी करता येते. जेवण संपल्यापासून मोजण्याची चूक सर्रास होते. आठवणीचा गजर लावलात, तर फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला सूट द्या. नाहीतर काही फोन अ‍ॅप बंद करून टाकतात आणि गजर वाजतच नाही.

चाचणीआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे, हेही त्याच कागदावर लिहा. फळ सोललेल्या बोटावरून घेतलेला थेंब आकडा खोटा वाढवतो आणि अ‍ॅप तो निमूट साठवून ठेवतं. असा अवाजवी आकडा आला तर हात धुऊन पुन्हा चाचणी, आणि पहिल्या नोंदीवर टीप.

शेवटी सात दिवस थांबून अहवालाची पीडीएफ स्वतः काढून बघा. आई झोपलेली असते त्या वेळेचा एखादा आकडा त्यात दिसला, तर आधी मीटरचं घड्याळ उघडा.