मॉडच्या इनइक्वॅलिटीत तपासूनही उत्तर चुकतं? या चुका टाळा

टेस्टचे पेपर वाटले की दोन-चार पोरं हमखास टेबलाशी येतात, "सर, तपासून बघितलंय की मी, तरी चूक कसं काय वो?" यावेळी तर तासगावहून एसटीने सांगलीला क्लासला येणाऱ्या एका मुलीने वहीचं पान फाडून पत्रच लिहिलं. प्रश्न होता |2x − 5| > x − 1 सोडवा, आणि पत्र असं:

"आदरणीय सर, मला या गणितात 4 पैकी 1 मार्क आहे. माझं उत्तर x > 2 आहे. x = 5 टाकलं तर 5 > 4 येतं. x = 10 टाकलं तर 15 > 9 येतं. x = 2 टाकलं तर दोन्हीकडे 1 येतो, म्हणजे बाउंड्री पण बरोबर आहे. तरी पेपर पुन्हा बघावा ही विनंती."

पत्रातला एकही आकडा चूक नाही हो! पोरगी प्रामाणिक आहे, तपासलंय पण नीट. फक्त x = 3 टाकून बघा. डावीकडे 1, उजवीकडे 2, आणि 1 > 2 काही होत नाही, पण 3 तर तिच्या उत्तरात बसलाय. आता x = 0 टाका. 5 > −1, एकदम खरं, आणि 0 तिच्या उत्तरात नाहीच. म्हणजे नको ते आत आलं आणि हवं ते बाहेर राहिलं. खरं उत्तर x < 2 किंवा x > 4.

ही सवय नववीपासूनची. तिथं केवलमूल्याची समीकरणं असतात, उत्तरं दोनच येतात, दोन्ही टाकून बघितली की विषय संपला. इथं उत्तरात अगणित संख्या आहेत, त्यातल्या दोन निवडून काय कळणार? मार्केट यार्डात एक हळकुंड मोडून बघितलं म्हणून कुणी अख्खा ढीग घेत नाही. त्यात पोरं संख्या निवडतात ती पण आपल्याच उत्तरातली आणि शक्यतो मोठी, 10 नाहीतर 100, म्हणजे त्रास नको!

आता चूक झाली कुठं ते बघू. तिने पहिली केस 2x − 5 > x − 1 घेतली, x > 4 आलं, बरोबर. दुसरीत उजवीकडे मायनस लावला पण चिन्ह तसंच ठेवलं: 2x − 5 > −(x − 1), म्हणून 3x > 6, x > 2. तिथं < पाहिजे होतं. समीकरणात = ला दिशाच नसते, त्यामुळे तिथं ही चूक कधी पकडली जात नाही. आणि 2 हा आकडा बरोबरच आला, कारण बाउंड्री काढताना दिशा लागत नाही. तिला जो 1 मार्क दिलाय तो त्या 2 आणि 4 चाच आहे.

माझी सवय सांगतो, पुस्तकात असो नसो. मी मायनस उजवीकडे नेतच नाही, मॉडच्या कंसालाच लावतो: −(2x − 5) > x − 1, म्हणजे −2x + 5 > x − 1, म्हणजे 6 > 3x, म्हणजे 2 > x. चिन्ह फिरवायची वेळच येत नाही, मग विसरणार काय?

आणि तपासायचं असेल तर संख्यारेषा काढा, 2 आणि 4 वर खुणा करा, तीन तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यातली एक संख्या टाका, मी 0, 3, 5 घेतो. 0 ला खरं, 3 ला खोटं, 5 ला खरं, संपलं. एका तुकड्याला एकच संख्या पुरते, कारण डावी बाजू उजवीपेक्षा मोठी असताना लहान व्हायची तर मधे कुठंतरी दोन्ही सारख्या व्हाव्याच लागतात, आणि त्या सगळ्या जागांवर आपण आधीच खुणा केल्यात. एखादी खूण जास्तीची पडली तर बिघडत नाही, राहिली तर मात्र घोळ. 2 आणि 4 स्वतः वेगळे बघायचे, इथं > आहे म्हणून ते उत्तरात नाहीत. याला मिनिटभर लागतो, पण आमच्या घाईवाल्यांना तेवढा पण नसतो, पत्र लिहायला बरोब्बर वेळ मिळतो 😄

बाकीच्या चुका पटकन. 2 > x > 4 असं एका ओळीत लिहू नका, 2 पेक्षा लहान आणि 4 पेक्षा मोठी अशी एकच संख्या कुठून आणणार? |x + 3| < −2 दिसलं की केसेस पाडत बसू नका, उत्तर नाही म्हणून लिहा आणि पुढं चला.

आणि तो दोन्ही बाजूंचा वर्ग करायचा शॉर्टकट, कुणीतरी व्हिडिओत दाखवतं आणि दुसऱ्या दिवशी अख्खी बॅच तेच करते. वरच्या गणितात तो योगायोगाने चालतो, (x − 2)(x − 4) > 0 येऊन उत्तर बरोबर निघतं, म्हणून तर पोरांना खात्री वाटते. आता |2x + 1| > x − 1 ला लावून बघा. वर्ग करून x < −2 किंवा x > 0 येतं. पण x = −1 टाकलं तर डावीकडे 1, उजवीकडे −2, म्हणजे खरंच आहे की! इथं x ची कुठलीही किंमत चालते, मधला पट्टा वर्गाने खाल्ला. उजवी बाजू ऋण होत असेल तिथं हे असं होऊ शकतं, त्यामुळे वर्ग करायचाच असेल तर आधी x < 1 चा भाग बाजूला काढा, तिथं मॉड आपोआप मोठा असतो, आणि वर्ग फक्त x ≥ 1 साठी करा.