स्क्रीनशॉटचं कॅप्शन मॉनिटरवर तपासू नका

लातूरला असताना मी बाजारभावाच्या एका ॲपचे ॲप स्टोअरसाठीचे स्क्रीनशॉट तपासले. आठ चित्रं होती, प्रत्येक १२९० बाय २७९६ पिक्सेल. मोठ्या मॉनिटरवर सगळी छान दिसली आणि मी पास केली. नंतर मोंढ्यात एका आडतीवर मुनीमांना फोनवर दाखवलं, तर ते म्हणाले, "सर, वर काय लिहिलंय ते दिसंना." तो दिवस अजून आठवतो.

चूक कुठे झाली ते नीट समजून घ्या. सर्चमध्ये पहिली तीन उभी चित्रं शेजारी-शेजारी येतात. आयफोनवर एकेकाच्या वाट्याला जेमतेम ११५ पॉइंट रुंदी येते, म्हणजे चित्रातले साधारण अकरा पिक्सेल तिथल्या एका पॉइंटात बसतात. आमचं कॅप्शन ६० पिक्सेलचं होतं, ते तिथे साडेपाच पॉइंटच्याही आत गेलं. इंग्रजी अक्षर एवढ्यात कसंबसं ओळखू येईल, पण 'सोयाबीनचे'मधल्या मात्रा-वेलांट्या शिरोरेषेला चिकटून नुसता डाग उरतो. आकार १३० पिक्सेलवर नेला तेव्हा तिथे साडेअकरा पॉइंट मिळाले आणि वाचता आलं.

पण मग सात शब्द मावेनात. 'तूर, सोयाबीनचे आजचे ताजे भाव एका ठिकाणी' याचं 'आजचा सोयाबीन भाव' केलं, दोन ओळींत. इथे ओळींमधलं अंतर सोडायला विसरू नका, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतो. तयार टेम्प्लेटमध्ये हे हमखास होतं, ती इंग्रजीसाठी बेतलेली असतात. मी ती वापरणं सोडलं. "टेम्प्लेट घे, दोन तासांत मोकळा हो" असं सांगणाऱ्या सिनियरचं ऐकू नका, स्पष्टच सांगतो.

क्रमाचं त्या मानाने सोपं आहे. आमच्या सेटमध्ये पहिलं चित्र लोगोचं, दुसरं लॉगिनचं आणि भाव चौथ्यावर होते, म्हणजे सर्चमध्ये दिसतच नव्हते. शिवाय ॲपलच्या नियमानुसार स्क्रीनशॉटमध्ये ॲप वापरात दिसावं लागतं, नुसतं लॉगिन किंवा सुरुवातीचा पडदा चालत नाही. आम्ही भाव पहिल्यावर आणले, मग भावाचा आलेख, मग सूचना.

चित्रातल्या फोनच्या फ्रेमसाठी आठही चित्रं एकाच मापात एकामागून एक झरझर पुढे सरकवा. फोन जागचा हलला किंवा लहान-मोठा झाला तर डोळ्याला लगेच टोचतं. आमच्यात पाचव्या चित्रातली फ्रेम अँड्रॉइड फोनची निघाली. प्ले स्टोअरच्या सेटमधून उचललेली होती. ॲप स्टोअरवर दुसऱ्या प्लॅटफॉर्मची चित्रं चालत नाहीत, तेवढ्यावरून ॲप नाकारलं जाऊ शकतं. मला ती पहिल्या फेरीत दिसली नव्हती. तुम्हालाही दिसणार नाही कदाचित, घाबरू नका, दुसऱ्या फेरीत फक्त फ्रेमच बघा.

आता मी तीन चित्रं ११५ पॉइंट रुंदीची करून फोनवर घेतो आणि ॲप कधी न पाहिलेल्या माणसाच्या हातात देतो. तो काय वाचतो ते ऐकून घेतो, मध्ये बोलत नाही.