दुहेरीत पुढे-मागे कधी, शेजारी-शेजारी कधी, आणि जागा बदलायची कशी

बॅडमिंटनची दुहेरी खेळायला लागलेल्या जोडीचा सर्वांत जास्त गोंधळ उडतो तो फटक्यांत नाही, तर जागांत. दोघांचाही स्मॅश चांगला असतो, सर्व्हिस नीट पडते, तरी शटल दोघांच्या मधोमध पडतं आणि दोघं एकमेकांकडे बघत राहतात. बहुतेक वेळा याचं कारण एकच असतं. एक जण मनाने हल्ल्यात असतो, दुसरा बचावात. दोघांनी एकाच क्षणी एकच रचना कशी धरायची, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी दोन्ही रचनांत पाय नेमके कुठे हवेत ते बघू. दुहेरीचं कोर्ट 6.10 मीटर रुंद आणि 13.40 मीटर लांब असतं, म्हणजे आपल्या वाट्याला 6.70 मीटर लांबी येते. जाळीपासून 1.98 मीटरवर सर्व्हिसची पुढची रेघ असते. पुढे-मागे रचनेत पुढचा खेळाडू या रेघेच्या साधारण एक पाऊल मागे, मधल्या रेघेजवळ उभा राहतो आणि रॅकेट छातीच्या वर धरतो. जाळीला नाक लावून उभं राहणं ही नवख्यांची हमखास चूक आहे. तिथून फक्त जाळीला घासून येणारं शटल मिळतं, जरा जोरात आलेलं कानाजवळून निघून जातं. मागचा खेळाडू पाठीमागचा सगळा पट्टा सांभाळतो. शेजारी-शेजारी रचनेत प्रत्येकाकडे 3.05 मीटर रुंदीचा उभा पट्टा येतो. तिथे पुढची रेघ आणि मागची रेघ यांच्या साधारण मध्यावर, गुडघे वाकवून, रॅकेट कमरेसमोर धरून उभं राहायचं.

पहिली पायरी ही, की जोडीदाराकडे न बघता शटलची दिशा वाचायची. आपल्या बाजूने शटल खाली गेलं, म्हणजे स्मॅश, ड्रॉप किंवा जाळीजवळचा हलका फटका मारला, तर पुढे-मागे. आपण शटल वर उचललं, म्हणजे लिफ्ट किंवा उंच क्लिअर मारला, तर शेजारी-शेजारी. शटल खाली जात असतं तेव्हा समोरच्याला ते जाळीच्या उंचीपेक्षा खालून घ्यावं लागतं. त्याचं उत्तर जाळीजवळ हळूच पडतं किंवा उंच मागे जातं, म्हणून आपल्याला एक माणूस पुढे आणि एक मागे लागतो. शटल वर गेलं की समोरचा स्मॅश मारणार. तो स्मॅश पूर्ण 6.10 मीटर रुंदीत कुठेही येऊ शकतो आणि मागे एकटा उभा असलेला माणूस एवढी रुंदी राखू शकत नाही. पुढे राहिलेल्याला तर हात हलवायलाही वेळ मिळत नाही. सपाट ड्राइव्हची देवाणघेवाण चालू असेल तर हा नियम थोडा सैल होतो. तेव्हा जो जाळीच्या जवळून शटल घेतो तो पुढे सरकतो आणि दुसरा त्याच्या मागे जातो.

दुसरी पायरी हल्ल्यातून बचावात येण्याची. अवघड भाग हाच आहे, कारण इथे पुढच्या खेळाडूला मागचं काही दिसत नाही. समजा मागच्याला शटल उशिरा मिळालं आणि त्याने ते कोपऱ्यातून उंच मारलं. तो जिथे आहे त्याच बाजूचा पट्टा धरतो आणि पुढच्याने दुसऱ्या बाजूला मागे यायचं. मागचा कोणत्या कोपऱ्याकडे गेला हे पुढच्याला शटलच्या वाटेवरून आधीच माहीत असतं, कारण ते त्याच्या डोक्यावरून किंवा बाजूने त्या कोपऱ्याकडे जाताना त्याने पाहिलेलं असतं. आता समजा पुढच्यानेच जाळीजवळून लिफ्ट मारली. मग त्याने जवळच्या बाजूला मागे यायचं आणि कोणती बाजू धरू याचा विचार करत बसायचं नाही. त्याची पाठ मागच्याला दिसते, म्हणून जुळवून घेण्याची जबाबदारी मागच्याची. तो उरलेली बाजू धरतो. हे एक सूत्र दोघांनी आधी ठरवून घेतलं तर निम्मे गोंधळ संपतात: ज्याला दिसतं, तो जुळवून घेतो.

इथे एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. पुढच्याने मान वळवून मागे बघायचं नाही. मी सुरुवातीला हे सारखं करायचो. जोडीदाराला शटल मिळालं की नाही हे बघायला वळलो आणि त्याचाच स्मॅश माझ्या कानामागे बसला. थोडा पुढे लागला असता तर डोळ्यावर आला असता. इजा टळली तरी तोटा ठरलेलाच असतो. मान वळवून परत आणेपर्यंत उत्तराचं शटल जाळी ओलांडून आलेलं असतं. मागे काय झालं ते समोरच्यांच्या अंगावरून कळतं. ते गुडघे वाकवून खाली बसत असतील तर आपला जोडीदार स्मॅश मारतोय. ते शटलखाली मागे पळत असतील तर त्याने ते उंच मारलंय, आणि तुम्ही लगेच मागे यायला हवं.

शेजारी-शेजारी उभं राहायचं म्हणजे दोघांनी एका सरळ रेघेत उभं राहायचं असं नाही. समजा आपली लिफ्ट आपल्या डाव्या बाजूच्या समोर, समोरच्यांच्या मागच्या कोपऱ्यात गेली. मग दोघांनी थोडं डावीकडे सरकायचं. डावीकडचा खेळाडू स्मॅशच्या अगदी समोर असतो, तो बाजूची रेघ आणि स्वतःचं अंग सांभाळतो. उजवीकडचा जरा पुढे आणि मध्याकडे येतो. तिरका स्मॅश लांबून येत असल्याने त्याला वेळ जास्त मिळतो, म्हणून मधोमध येणारं शटल त्याचं. अशाने उजवीकडची कडा मोकळी दिसते, पण तिथे स्मॅश मारायला समोरच्याला सर्वांत लांबचा तिरका फटका मारावा लागतो. ती जागा थोडी सोडून देणं हा चांगला सौदा आहे.

तिसरी पायरी बचावातून हल्ल्यात जाण्याची. स्मॅश आला आणि तुम्ही तो हलक्या हाताने जाळीलगत टाकला. शटल जाळीपासून फार वर उठलं नाही, तर समोरच्याला ते उचलावंच लागेल. ज्याने हा फटका मारला तोच पुढे जातो. त्याचं तोंड आणि वेग आधीच पुढच्या दिशेला असतात. दुसरा त्याच वेळी मध्यावर मागे सरकतो. शटल जाळी ओलांडायच्या आत दोघं निघाले पाहिजेत. उत्तर बघून निघालात तर उशीर झालेला असतो. मात्र तुमचा फटका जाळीच्या खूप वरून गेला असेल तर पुढे धावू नका, कारण समोरचा ते खाली मारणार आहे. तेव्हा रॅकेट वर धरून जागेवरच थांबायचं.

समोरच्यांनीच शटल उचलून दिलं तर गोष्ट उलटी होते. ज्याच्या बाजूला ते येतं तो मागे जाऊन मारतो आणि दुसरा पुढे धावतो. हा दुसरा नेहमी उशीर करतो, कारण शटल आपल्याकडे आलेलं नाही म्हणून तो निवांत असतो. जोडीदाराच्या स्मॅशला लगेच मिळालेलं जाळीजवळचं सोपं उत्तर रिकाम्या जागी पडतं, ते यामुळेच.

आता एक पूर्ण रॅली बघा. तुम्ही उजवीकडून आखूड सर्व्हिस केली, जोडीदार तुमच्या मागे मध्यावर आहे. म्हणजे पुढे-मागे. समोरच्याने शटल जोरात तुमच्या डाव्या मागच्या कोपऱ्यात ढकललं. जोडीदार तिथे पोहोचला, पण शटल उशिरा मिळाल्याने त्याने ते सरळ उंच उचललं. समोरचा मागे पळतोय हे दिसताच तुम्ही उजवीकडे तिरके मागे येता आणि जरा मध्याकडे झुकता. आता शेजारी-शेजारी. स्मॅश सरळ जोडीदारावर आला, त्याने तो जाळीजवळ अलगद टाकला आणि पुढे गेला. तुम्ही मध्यावर मागे सरकता. पुन्हा पुढे-मागे, फक्त आता मागे तुम्ही आहात. समोरच्याने जाळीजवळून शटल उचललं, ते उजव्या मागच्या कोपऱ्यात आलं, तुम्ही सरळ स्मॅश मारला. जोडीदार पुढे मध्याच्या थोडा उजवीकडे सरकला, कारण सरळ स्मॅशचं उत्तर बहुतेक वेळा त्याच बाजूने येतं. पण समोरच्याने चलाखीने ते तिरकं, सपाट, डाव्या कडेच्या मध्यभागात मारलं. तुम्ही उजव्या कोपऱ्यात आहात, तिथवर पोहोचणार नाही. जोडीदार डावीकडे एक पाऊल मागे जाऊन ते खाली मारतो, आणि या क्षणी जाळीजवळची जागा रिकामी होते. तुम्ही कोपऱ्यातून तिरके थेट पुढे येता, तो मागे राहतो. हल्ला चालूच राहिला आणि जागा मात्र पुन्हा बदलल्या.

शेवटच्या बदलात जोड्या सर्वांत जास्त चुकतात. स्मॅश मारणारा आपला फटका बघत कोपऱ्यातच थांबतो, दोघंही मागे राहतात आणि जाळीजवळ पडलेल्या साध्या ड्रॉपवर गुण जातो. असे दोन-तीन गुण सलग गेले तर समजा की पुढचा माणूस मागे गेल्यावर पुढची जागा भरण्याची सवय तुम्हाला लागलेली नाही. उलट, शटल वारंवार डोक्यावरून मागे पडत असेल तर दोघंही पुढे धावत आहात. मधोमध पडत असेल तर मधलं शटल कोणाचं हे आधी ठरलेलं नाही.

मिश्र दुहेरीत हेच सगळं थोडं बदलतं. तिथे बहुतेक जोड्या स्त्री पुढे आणि पुरुष मागे ही रचना जमेल तेवढी टिकवतात, त्यामुळे पूर्ण फेरबदल कमी होतात. पण शटल उचलल्यावर शेजारी-शेजारी यावं लागतं ते त्यांनाही चुकत नाही.

सराव शटलशिवाय सुरू करा. एक तिसरा माणूस जाळीपलीकडे उभा राहून हाताने कोपरा दाखवतो आणि ‘वर’ किंवा ‘खाली’ असं ओरडतो, म्हणजे तुम्ही त्या कोपऱ्यातून कसा फटका मारला ते. ‘वर’ ऐकलं की दोन पट्टे, ‘खाली’ ऐकलं की एक पुढे आणि एक मागे. पाच मिनिटं सलग करा. पाय आपोआप निघायला लागले की त्याच माणसाकडून शटल उंच टाकून घ्या आणि सत्तर टक्के जोरानेच मारा. जोर जास्त लावला तर फटक्यानंतर तोल सावरायलाच वेळ जातो, आणि ज्यासाठी सराव करताय ते पुढचं पाऊलच पडत नाही.