बोनस शेअरची नोंद लिहायला बसण्याआधी

नोंदी दोनच असतात, पण त्या लिहायच्या आधीची पाहणी मोठी. सगळ्यात आधी राखीव निधींची यादी काढा आणि त्यातला कोणता निधी चालतो ते ठरवा. भारताच्या कंपनी कायद्याचे (२०१३) कलम ६३ मोकळे राखीव निधी, शेअर प्रीमियम आणि कॅपिटल रिडेम्प्शन रिझर्व्ह यांतून बोनस देऊ देते. मालमत्तेचे पुनर्मूल्यांकन करून आलेला निधी मात्र चालत नाही, मग तो कितीही मोठा दिसो.

एक उदाहरण घेऊ. १० रुपयांचे १,००,००० पूर्ण भरणा झालेले शेअर, म्हणजे भांडवल १० लाख. कॅपिटल रिडेम्प्शन रिझर्व्ह दीड लाख, शेअर प्रीमियम १ लाख, सर्वसाधारण राखीव निधी ४ लाख, पुनर्मूल्यांकन निधी २ लाख. बोनस १:२, म्हणजे जुन्या दोन शेअरमागे एक नवा. हे प्रमाण उलटे वाचले की ५०,००० ऐवजी २,००,००० शेअर होतात, म्हणून ठरावातले शब्द वाचूनच आकडा मांडा. लागणारी रक्कम ५ लाख.

अधिकृत भांडवल १२ लाख असेल तर इथेच थांबा. नवे भांडवल १५ लाख होणार, तेव्हा आधी अधिकृत भांडवल वाढवून घ्यायला हवे. नियमावलीत बोनसची तरतूद आणि सर्वसाधारण सभेचा ठरावही हाताशी असू द्या. काही शेअरवर हप्ता बाकी असेल तर वाटपाच्या दिवसापर्यंत ते पूर्ण भरणा झालेले असले पाहिजेत.

आता निधी कोणत्या क्रमाने वापरायचे? माझ्या मते पहिले दोन आधी संपवावेत. त्यांतून लाभांश देता येत नाही, सर्वसाधारण निधीतून येतो. तो जितका वाचेल तितकी पुढच्या वर्षी मोकळीक. म्हणून पहिल्या नोंदीत कॅपिटल रिडेम्प्शन रिझर्व्ह दीड लाख, शेअर प्रीमियम १ लाख आणि सर्वसाधारण निधी अडीच लाख नावे करा, आणि ‘भागधारकांना बोनस’ खाते ५ लाखांनी जमा करा. दुसऱ्या नोंदीत तेच खाते ५ लाखांनी नावे आणि समभाग भांडवल ५ लाखांनी जमा. बँकेचे खाते कुठेही येत नाही. ते आले असेल तर नोंद चुकलीच.

शेवटी ताळा घ्या. आधी भांडवल आणि निधी मिळून साडेअठरा लाख होते. आता १५ लाख भांडवल, दीड लाख सर्वसाधारण निधी आणि २ लाख पुनर्मूल्यांकन निधी, म्हणजे पुन्हा साडेअठराच. बेरीज जुळली तरी ‘भागधारकांना बोनस’ खाते उघडून शिल्लक शून्य आहे का ते पाहा. दुसरी नोंद राहून गेली तर ते ५ लाख त्याच खात्यात अडकतात, ताळेबंद मात्र व्यवस्थित जुळतो.